च्या, पेक्षा आणि नी: इंग्रजी शाब्दिक उदाहरणं मराठीत आणताना

सातवीच्या वर्गात एका मुलाने वही पुढे केली आणि म्हणाला, "मॅडम, एकशे सत्तेचाळीसले नवानं भागलं तं तीन उरते. टरबूज फोडून विकलं का?"

उदाहरण मीच आदल्या रात्री इंग्रजीतून मराठीत उतरवून फळ्यावर लिहिलं होतं. मुलाने मांडणी स्वच्छ केली होती, भागाकारही बरोबर होता. चूक माझ्या एका शब्दात होती. माझी शाळा यवतमाळ जिल्ह्यात आहे, वरच्या वर्गांना गणित सेमी इंग्रजीत चालतं. सरावाला चांगली उदाहरणं बहुतेक वेळा इंग्रजीत सापडतात आणि ती मुलांपर्यंत न्यायची तर मराठीत आणावी लागतात. त्या टरबुजाच्या उदाहरणापासून मी भाषांतराची एक ठरलेली पद्धत ठेवली आहे. इथे ती त्याच उदाहरणावर दाखवते, कारण शाब्दिक उदाहरणात भाषांतर जिथे फसतं ती बहुतेक ठिकाणं त्यात आहेत.

मी फळ्यावर लिहिलं होतं ते असं:

"एका शेतकऱ्याच्या बाजारातील स्टॉलवर शुक्रवारी विकले गेले त्यापेक्षा तीनपट जास्त भोपळे शनिवारी विकले गेले. रविवारी शनिवारपेक्षा 15 कमी विकले गेले. जर एकूण 132 भोपळे विकले गेले असतील, तर शुक्रवारी किती विकले गेले?"

भोपळे ऐकून मुलं गोंधळली म्हणून तोंडी "टरबूज समजा" म्हटलं आणि पुढे गेले. आता पायऱ्या.

पहिली पायरी: मराठीला हात लावण्याआधी संबंध चिन्हांत लिहा

मूळ इंग्रजी उदाहरण समोर ठेवून आधी ते स्वतः सोडवायचं आणि राशींमधला संबंध कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा. आपल्या उदाहरणात तो असा आहे:

शुक्रवार = x
शनिवार = 3x
रविवार = 3x − 15
एकूण: x + 3x + 3x − 15 = 132

म्हणजे 7x = 147 आणि x = 21. शुक्रवारी 21, शनिवारी 63, रविवारी 48. बेरीज 132 येते.

हा कोपरा भाषांतर संपेपर्यंत झाकायचा नाही. वाक्यं कितीही फिरवली, फळ बदललं, गाव बदललं, तरी तयार मराठी मजकुरातून नेमक्या याच चार ओळी निघाल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या कोणत्याही निघता कामा नयेत. मी ही पायरी गाळली होती. इंग्रजी वाचताना अर्थ डोक्यात स्पष्ट होता, त्यामुळे मराठी वाक्य वाचतानाही मला तोच दिसत होता. मुलांच्या डोक्यात तो आधीपासून नसतो, त्यांच्यापाशी फक्त माझी वाक्यं असतात.

दुसरी पायरी: पटीला "च्या", फरकाला "पेक्षा"

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

"शुक्रवारपेक्षा तीनपट जास्त" याचा एक अर्थ शुक्रवारच्या तीनपट. दुसरा अर्थ शुक्रवारइतके आणि त्यावर तीनपट जास्त, म्हणजे चारपट. त्या मुलाने दुसरा अर्थ घेतला. त्याचं शनिवारचं उत्तर 4x, रविवारचं 4x − 15, म्हणून 9x = 147, आणि बाकी 3. त्याचं वाचन व्याकरणाने चुकीचं म्हणता येत नाही. "पाचपेक्षा तीन जास्त" म्हणजे पाचात तीन मिळवायचे, हे मुलं पहिली-दुसरीत शिकली आहेत. "पेक्षा" आणि "जास्त" एकत्र दिसले की मिळवायचं, हेच त्यांना माहीत. मग "पेक्षा तीनपट जास्त" दिसल्यावर त्याने मिळवलं तर नवल काय?

इंग्रजीत पटीची तुलना आणि फरकाची तुलना जवळजवळ एकाच साच्यात बसतात, आणि दोन्हीकडे कोणाशी तुलना आहे ते वाक्याच्या शेवटी येतं. मराठीत दोघांसाठी वेगळे प्रत्यय आहेत. "च्या" लावलं की पट: शुक्रवारच्या तिप्पट, आईच्या वयाच्या निम्मं, लांबीच्या दीडपट. "पेक्षा" लावलं की फरक: शनिवारपेक्षा 15 कमी, भावापेक्षा 4 वर्षांनी मोठी. माझा नियम सरळ आहे. पट, दुप्पट, निम्मं, पाव हिस्सा यांच्या आधी "पेक्षा" येऊ द्यायचं नाही, आणि "पट" या शब्दानंतर "जास्त" किंवा "कमी" लिहायचं नाही. "तीनपट कमी" हे तर कधीच नको. त्याऐवजी "एक तृतीयांश" किंवा "तिसरा हिस्सा".

म्हणून दुरुस्त वाक्य: "शनिवारी शुक्रवारच्या तिप्पट टरबुजे विकली."

यात क्रमही सुधारला. मराठीत ज्याच्याशी तुलना करायची ते आधी येतं: शुक्रवारच्या... तिप्पट. मूल वाचत जातं तसं आधी शुक्रवार धरतं, मग त्याला तीनने गुणतं. इंग्रजीच्या क्रमाने लिहिलेल्या वाक्यात त्याला शेवटाकडून सुरुवातीकडे यावं लागतं, आणि पाचवी-सहावीतलं मूल त्या वाटेत हमखास उलटं करतं, शुक्रवारलाच शनिवारच्या तिप्पट करून टाकतं.

उलट तुलनेची उदाहरणं इथेच कसोटी पाहतात. "सीमाकडे 24 गोट्या आहेत. रवीपेक्षा तिच्याकडे 6 जास्त आहेत. रवीकडे किती?" इथे "जास्त" हा शब्द असूनही वजाबाकी करायची आहे. मूळ उदाहरणात हा पेच मुद्दाम ठेवलेला असेल तर भाषांतर करताना तो सोडवून टाकू नये. "रवीकडे सीमापेक्षा 6 कमी" असं लिहिलं तर उदाहरण सोपं झालं, पण जे तपासायचं होतं ते गेलं. मी फक्त "तिच्याकडे" काढते आणि नाव पुन्हा लिहिते: "सीमाकडे रवीपेक्षा 6 गोट्या जास्त आहेत." गणिताचा पेच तसाच राहतो, भाषेचा जातो.

तिसरी पायरी: "नी" आणि "वर"

टरबुजाच्या उदाहरणात हे नाही, पण नफा-तोटा, सूट आणि टक्केवारीत पावलोपावली येतं, म्हणून इथेच सांगते.

इंग्रजीत किंमत इतक्याने उतरली की इतक्यापर्यंत उतरली, हा फरक एका छोट्या शब्दावर उभा असतो. घाईत वाचलं की भाषांतर करणाऱ्याकडूनही तो शब्द निसटतो. मराठीत तो फरक "नी" आणि "वर" यांत आहे. तुरीच्या डाळीचा भाव किलोला 160 रुपये होता. "भाव 20 रुपयांनी उतरला" म्हणजे 140. "भाव 120 रुपयांवर आला" म्हणजे 120. "भाव 20 रुपये कमी झाला" असं बोलतो खरं, पण लिहिताना "नी" गाळायचा नाही. टक्क्यांतही तेच: "पटावरची हजेरी 10 टक्क्यांनी वाढली" आणि "हजेरी 90 टक्क्यांवर गेली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वजाबाकीच्या सूचनांतही क्रम उलटतो. इंग्रजीत आधी वजा करायची संख्या येते, मग ज्यातून करायची ती. मराठीत "12 मधून 5 वजा करा". भागाकारात क्रम तोच राहतो, "12 ला 3 ने भागा". शब्दांच्या क्रमाने भाषांतर केलं की "5 वजा करा 12 मधून" असं अडखळणारं वाक्य होतं, आणि हळू वाचणारं मूल "5 वजा" इथेच थांबून 5 पहिल्या जागी लिहून मोकळं होतं.

चौथी पायरी: गणिताचा शब्द पुस्तकाचा, गोष्टीचा शब्द गावचा

हा नियम ऐकायला सोपा आहे. अवघड जातात ते दोन्ही बाजूंना असणारे शब्द.

आमच्याकडे "चौकोनी वावर" म्हटलं की चारही बाजू सारख्या, असंच मुलांना वाटतं. पुस्तकात चौकोन म्हणजे कोणतीही चार बाजूंची आकृती, चारही बाजू सारख्या आणि कोन काटकोन असतील तर तो चौरस. इंग्रजीतल्या चौरसाच्या जागी कुणी "चौकोनी बाग" लिहिलं की उदाहरणच सुटत नाही, कारण एक बाजू देऊन परिमिती काढायला सांगितलेली असते. "गोल" तसाच. बोलताना ताट गोल, चाक गोल. पुस्तकात ताटाची कड वर्तुळ आहे आणि गोल म्हणजे चेंडूसारखा घनाकार. घनफळाच्या पाठात "गोल टाकी" असं लिहिलं तर ती ड्रमसारखी वृत्तचिती की चेंडूसारखी, हे मुलाने कशावरून ओळखायचं?

"बाकी" भागाकारात उरलेली संख्या, आणि किराणा दुकानात उधारी. "दुकानदाराचे किती बाकी राहिले?" असं लिहिलं तर अर्धी मुलं देणं काढतात. पैशाच्या गोष्टीत मी "परत किती मिळाले" किंवा "द्यायचे किती राहिले" असं उघड लिहिते आणि "बाकी" भागाकारासाठी राखून ठेवते.

व्याजाच्या शब्दांत मात्र खरा धोका आहे. गावात, बचत गटात किंवा सावकाराकडे "दोन रुपये शेकडा" म्हणतात तेव्हा तो दर महिन्याचा असतो. पुस्तकातला दर वर्षाचा असतो, म्हणून तिथे द.सा.द.शे. लिहितात, म्हणजे दर साल दर शेकडा. मी एकदा लिहिलं होतं: "गीताबाईंनी 5000 रुपये शेकडा 2 दराने 1 वर्षासाठी घेतले. व्याज किती?" पुस्तकाच्या हिशेबाने उत्तर 100 रुपये. एका मुलीने 1200 काढलं. महिन्याला 100, वर्षाचे बारा महिने. तिची आई बचत गटात आहे आणि ती जमाखर्चाच्या बैठकीला आईसोबत बसते. दोन्ही उत्तरं सारख्याच चोख हिशेबातून आली होती, माझं वाक्य अपुरं होतं. आता पहिल्यांदा येतं तिथे "दर साल दर शेकडा 2" असं अख्खं लिहिते, किंवा "वर्षाला 100 रुपयांमागे 2 रुपये" असं फोडून, आणि त्यानंतरच द.सा.द.शे. वापरते. तिने काढलेलं उत्तर वर्गात फळ्यावर घेतलं, कारण महिन्याचे दोन म्हणजे वर्षाचे चोवीस, हे बाकी मुलांनाही कळायला हवं होतं.

सेमीच्या वर्गात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पोरं तासाला रेशो, एरिया, प्रॉफिट ऐकतात आणि माझ्या कागदावर गुणोत्तर, क्षेत्रफळ, नफा वाचतात. शब्द अनोळखी म्हणून उदाहरण सोडून देणारी मुलं मी पाहिली आहेत. एका कागदावर एका कल्पनेला एकच शब्द ठेवायचा, शोभेसाठी बदलायचा नाही, आणि त्या कागदावर येणाऱ्या तीन-चार संज्ञांच्या जोड्या तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या कडेला लिहून ठेवायच्या. मसावि आणि लसावि ही लघुरूपं तर आधी एकदा महत्तम साधारण विभाजक आणि लघुतम साधारण विभाज्य अशी उच्चारून घेतल्याशिवाय द्यायचीच नाहीत.

पाचवी पायरी: गोष्ट अशी निवडा की मुलाला ती खरी वाटेल आणि गणित मात्र हलणार नाही

भोपळ्यांचं काय झालं ते सांगते. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. पुण्याकडे कोहळा म्हणजे राखाडी, ज्याचा पेठा करतात तो. "भोपळा" लिहिलं की काहींना दुधी दिसला. शब्दाचा वाद गणिताच्या तासात नको, म्हणून फळच बदललं. चैत्रात रस्त्याकडेला टरबुजांचे ढीग लागतात, ते सगळ्या मुलांनी पाहिलेले आहेत. पुस्तकात त्याला कलिंगड म्हणतात. कागद माझ्याच वर्गासाठी असेल तर टरबूज लिहिते, तालुक्यातल्या इतर शाळांना पाठवायचा असेल तरीही टरबूजच, कारण आमच्या तालुक्यात कलिंगड कुणी म्हणत नाही. कोल्हापूरच्या मैत्रिणीला पाठवला तेव्हा कलिंगड केलं. याच कारणाने कोथिंबिरीला सांबार लिहायचं की कोथिंबीर, बटाट्याला आलू लिहायचं की बटाटा, हे कागद कोण वाचणार त्यावर ठरवावं. इथल्या मुलाला सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्याला इडलीबरोबरचं.

"बाजारातील स्टॉल" हेही बसत नव्हतं. आमचा बाजार आठवडी, एकाच दिवसाचा. शुक्रवार-शनिवार-रविवार रोज बाजारात दुकान, हे वाचून मूल विचारात पडतं की हे कोणतं गाव? रस्त्याकडेचं दुकान केलं आणि प्रश्न मिटला.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त शिकवलं ती. एका इंग्रजी उदाहरणात रेल्वेचं भाडं होतं, मोठ्यांना पूर्ण आणि मुलांना अर्धं. मी ते एस.टी.चं केलं: "मोठ्यांचे तिकीट 60 रुपये आहे. मुलांना अर्धे तिकीट लागते. आई, वडील आणि दोन मुले यवतमाळला गेली. एकूण भाडे किती?" अपेक्षित उत्तर 60 + 60 + 30 + 30, म्हणजे 180. सहा मुलांनी 150 लिहिलं. पहिल्या तीन वह्यांवर मी लाल फुली मारली. चौथ्या वहीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, आईचंबी अर्धंच लागते न."

मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे. पोरं दर बाजाराला आईसोबत बसतात, त्यांना हे माझ्याआधी आठवलं. म्हणजे 60 + 30 + 30 + 30. मी त्या फुल्या खोडल्या आणि तिघांनाही ते वर्गात सांगितलं. आजोबांना घेतलं असतं तर आणखी गुंता झाला असता, कारण 65 वर्षांवरच्यांना अर्धं आणि 75 वर्षांवरच्यांना मोफत.

यातून मी एक तपासणी ठेवली. गोष्ट इथली केली की विचारायचं: या गोष्टीबद्दल मुलाला असं काही माहीत आहे का, जे वाक्यात लिहिलेलं नाही पण ज्याने उत्तर बदलतं? असेल तर एक तर ते वाक्यात लिहायचं, नाही तर गोष्ट बदलायची. ते उदाहरण मी असं केलं: "एका खासगी गाडीत मोठ्या माणसाचे भाडे 60 रुपये आहे, मग तो पुरुष असो वा बाई. 12 वर्षांखालच्या मुलाचे भाडे त्याच्या निम्मे आहे." लांबलं, पण पक्कं झालं.

दुसऱ्या बाजूने, गोष्ट सजवायचा मोहही आवरावा लागतो. शनिवारीच तिप्पट का, याला कारण द्यावं म्हणून मी एकदा "शनिवारी गावचा बाजार असल्यामुळे गर्दी होती" असं वाक्य घातलं होतं. वाचायला छान, पण सावकाश वाचणाऱ्या मुलाला ते आणखी एक वाक्य, आणि त्यात शोधायला काहीच नाही. काढून टाकलं. वर्गात कुणी विचारलं तर तोंडी बोलावं.

आकडे गोष्टीला शोभतात का तेही याच वेळी पाहायचं. मैल आणि डॉलर जसेच्या तसे उचलून किलोमीटर आणि रुपये लिहिले की 3 रुपयांचं टरबूज तयार होतं. आकडे बदलले की कोपऱ्यातली समीकरणं पुन्हा सोडवायची, कारण पूर्ण संख्येत येणारं उत्तर बिघडायला एकच आकडा पुरतो. खरे आकडे हवेत तर शाळेतच आहेत: पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य. केकच्या पाककृतीवरची सगळी प्रमाणाची उदाहरणं मी या तांदळावर आणली आहेत.

आणि एक छोटी गोष्ट: इंग्रजीत "दोन आणि अर्धा" असतं, मराठीत ते अडीच. साडेदोन कुणी म्हणत नाही. पण अडीच, पावणेतीन, सव्वाशे हे शब्द काही मुलांना आकड्यात लिहिता येत नाहीत. उदाहरण या शब्दांचं नसेल तर मी 2.5 किलो असंच लिहिते, म्हणजे तपासायचं तेवढंच तपासलं जातं.

सहावी पायरी: वाक्य लहान, कर्ता समोर, प्रश्न शेवटी एकटा

"विकले गेले" हा इंग्रजीचा सांगाडा आहे. कुणी विकलं ते सांगितलं की वाक्य चालू लागतं. "जर... असतील, तर" हेही तसंच. इंग्रजी उदाहरणात दिलेली माहिती अटीसारखी लिहायची रीत आहे. मराठीत "जर" वाचलं की मुलाला वाटतं हे खरं नाही, नुसतं धरून चालायचं आहे. माहिती सरळ विधानात द्यावी आणि प्रश्न शेवटच्या वाक्यात एकटा ठेवावा, त्यात नवीन माहिती नको. "त्याने", "ते", "त्या" जिथे दोघांना लागू शकतात तिथे नाव पुन्हा लिहायचं. मराठी निबंधात ही पुनरुक्ती खटकेल, उदाहरणात ती हवीच.

तयार उदाहरण:

"गीताबाईंनी रस्त्याच्या कडेला टरबुजांचे दुकान लावले. शुक्रवारी त्यांनी काही टरबुजे विकली. शनिवारी त्यांनी शुक्रवारच्या तिप्पट टरबुजे विकली. रविवारी त्यांनी शनिवारपेक्षा 15 टरबुजे कमी विकली. या तीन दिवसांत मिळून त्यांनी 132 टरबुजे विकली. शुक्रवारी किती टरबुजे विकली?"

"शुक्रवारी काही टरबुजे विकली" हे वाक्य मूळ इंग्रजीत नाही. ते मी घातलं, कारण त्याने x ला जागा मिळते. मूल वाचतानाच "काही" खाली रेघ मारतं. घातलेल्या शब्दाने संबंध बदलत नसेल आणि वाचणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळत असेल, तर तो घालायला मी कचरत नाही.

भाषा कोणती, हा प्रश्न सहकारी नेहमी विचारतात. घरी वऱ्हाडी बोलणारी मुलं आहेत, पूर्वेकडे झाडीबोली आहे, आमच्याच जिल्ह्यात कोलामी, गोंडी आणि बंजारा बोलणारी आहेत, मेळघाटात कोरकू. मी वाक्यरचना आणि प्रत्यय प्रमाण मराठीचे ठेवते, कारण परीक्षेत तेच वाचायचे आहेत आणि "च्या-पेक्षा-नी" हा सगळा डोलारा प्रत्ययांवरच उभा आहे. वस्तूंची नावं मात्र इथली: टरबूज, वावर, धुरा, बंडी. ज्या मुलाच्या घरी मराठीच बोलत नाहीत त्याला ही नावंही परकी असू शकतात, त्याच्यासाठी गोष्टीखाली एक साधं चित्र काढते.

सातवी पायरी: मुलांवर करून पाहा, पण उत्तर विचारू नका

कागद छापण्याआधी दोन गोष्टी करते. पहिली, उदाहरण फक्त मराठीत एका सहकाऱ्याला देते आणि म्हणते, सोडवू नका, समीकरण लिहा. त्यांच्या चार ओळी माझ्या कोपऱ्यातल्या चार ओळींशी जुळल्या पाहिजेत. सर 9x घेऊन आले तर वाक्य पुन्हा.

दुसरी, वर्गातल्या तीन मुलांना एकेक करून बोलावते, एक चांगलं वाचणारं, एक मधलं, एक अडखळणारं. आधी मोठ्याने वाचायला लावते. मग विचारते: शुक्रवारी जास्त विकली की शनिवारी? शनिवारी जास्त की रविवारी? 132 कोणत्या दिवसाची? मग शुक्रवारची एक पट्टी काढून देते आणि शनिवारची पट्टी त्यांना काढायला सांगते. तीन खणांची काढली की वाक्य पोचलं, चार खणांची काढली की वाक्य गडबडीचं आहे. आकडेमोड अजून झालेली नसते, त्यामुळे चूक कुठली ते लगेच दिसतं.

ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी 1977 मध्ये शाब्दिक उदाहरणांतल्या चुकांसाठी पाच टप्पे मांडले: मूल वाचू शकतं का, समजतं का, समजलेलं गणिती क्रियेत उतरवतं का, क्रिया बरोबर करतं का, आणि उत्तर नीट लिहितं का. मला पहिले तीन टप्पे भाषांतराच्या तपासणीला उपयोगी पडतात. वाचताना अडखळलं तर शब्द जड आहे. वाचलं पण "शनिवारी जास्त की शुक्रवारी" याला चुकलं तर वाक्यरचना. पट्टी बरोबर काढली पण समीकरण जमलं नाही, तर तो प्रश्न माझ्या भाषेचा राहिलेला नाही.

टरबुजाचा नवा मजकूर मी तिघांवर पाहिला. अडखळणाऱ्या मुलाने "मिळून" याचा अर्थ दोघांनी एकत्र येऊन विकली असा घेतला, बाकी सगळं जमलं. "मिळून" च्या जागी "एकूण" केलं, "या तीन दिवसांत एकूण 132". दुसऱ्या दिवशी वर्गातल्या 27 मुलांपैकी कुणीच 4x लिहिलं नाही. पाच जणांनी 3x − 15 च्या जागी 15 − 3x लिहिलं. त्या पाचांना बोलावून पट्ट्या काढून घेतल्या, पट्ट्या सगळ्यांच्या बरोबर होत्या. मजकूर तसाच ठेवला, आणि पुढचा तास बैजिक राशीतल्या वजाबाकीवर घेतला.